खांदा ३४चा, छाती ३८ची

माझी भाची साताऱ्याच्या कोर्टात वकिली करू लागली तेव्हा तिने काळा ब्लेझर ऑनलाइन मागवला. छाती ३७ इंच, म्हणून साइज ३८. आला तो दिवस रविवार होता. ती तो घालून माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, बटण लागतंय, पण मी यात हरवल्यासारखी दिसतेय." खांद्याची कड दंडावर उतरली होती, बाही अंगठ्याच्या मुळावरून पुढे आली होती आणि पाठीवर काखेपासून खाली दोन उभ्या घड्या पडल्या होत्या. तरीही समोर छातीवर कापड ताणलेलंच होतं. सैल आणि घट्ट, दोन्ही एकाच ब्लेझरमध्ये.

तिचा ब्लेझर कोणत्या साइजचा असायला हवा होता, या प्रश्नाचं उत्तर ३४, ३६, ३८ यांपैकी एकही नाही. पण ते का नाही हे टेपने दाखवता येतं, आणि एकदा ते दिसलं की रेडीमेड घ्यायचा की शिवून घ्यायचा, कुठे अल्टर करायचा, बटण कुठे आणि बाही किती, हे सगळं त्याच धाग्याने सुटत जातं.

आधी मापं. ब्लेझरखाली जी ब्रा आणि जो शर्ट घालणार तेच घालून मापं घ्यायची. पॅडेड ब्रा आणि साधी ब्रा यांत छातीच्या मापात इंचभराचा फरक सहज पडतो. खांदा मोजताना पहिली चूक होते ती त्याचं टोक शोधण्यात. हात बाजूने आडवा उचलला की खांद्याच्या टोकाशी एक लहानसा खळगा पडतो, तिथे हाड संपतं. ते टोक. हात खाली सोडून पाठीमागून या टोकापासून त्या टोकापर्यंत, मानेच्या मणक्याच्या जरा खालून टेप न्यायची. भाचीचं माप आलं १४ इंच.

मग छाती, पण एकदा नाही, दोनदा. पहिलं माप काखेच्या लगेच खाली आणि स्तनांच्या वरून, टेप जरा घट्ट धरून. याला वरची छाती म्हणू. दुसरं माप सगळ्यात भरीव भागावरून, टेप पाठीमागे खाली न घसरू देता. भाचीची वरची छाती ३२ आणि पूर्ण छाती ३७. तयार कपड्यांचे आणि पॅटर्नचे बहुतेक तक्ते असं धरून चालतात की या दोन मापांत साधारण २ इंचांचा फरक असेल. तिच्यात तो ५ आहे. म्हणजे हाडांच्या सांगाड्याने ती ३४ साइजची बाई आहे आणि तिच्या पुढच्या बाजूला ३ इंच जास्तीचे आहेत. ते ३ इंच पाठीत नाहीत, खांद्यात नाहीत, मुंढ्यात नाहीत. फक्त पुढे आहेत.

हे पटायला आणखी एक माप घेतलं. काखेखालून सरळ खाली बाजूची रेघ धरली आणि छातीचा घेर पुढचा वेगळा, मागचा वेगळा मोजला. पुढे २१, मागे १६. बेरीज ३७ होते खरी, पण कपडा बेरजेवर बसत नाही, पुढच्या भागावर आणि मागच्या भागावर वेगवेगळा बसतो. छातीचं एकच माप सांगून ब्लेझर घेणाऱ्या प्रत्येकीची फसगत इथेच होते.

आता तोच ३८चा ब्लेझर जमिनीवर पसरून मोजला. लेबलवरचा आकडा शरीराचा असतो, कपडा त्याहून मोठा असतो. ब्लेझरला छातीत शरीरापेक्षा साधारण ३ इंच जास्त लागतात, नाहीतर हात पुढे घेता येत नाही. या ब्लेझरची छाती ४१ भरली, म्हणजे तिच्या ३७वर ४ इंचांची सैल. कागदावर भरपूर. पण पुढचा भाग साडेएकवीस होता आणि मागचा साडेएकोणीस. तिच्या पुढच्या २१ इंचांवर जेमतेम अर्धा इंच सैल, आणि मागच्या १६वर साडेतीन. म्हणून समोर ताण आणि पाठीवर झोळ. बाजूची शिवण पाहिली तर ती सरळ खाली न उतरता पोटाकडे ओढली गेली होती, कारण समोरचं अपुरं कापड मागून उसनं घेतलं जात होतं. ही शिवण पुढे झुकलेली दिसली की समजावं, घेर पुरतोय पण चुकीच्या बाजूला आहे.

मग ३६ चालला असता का? साधारणपणे तयार कपड्यात एक साइज वाढली की छाती २ इंचांनी वाढते आणि खांदा सगळा मिळून फक्त अर्ध्या इंचाने, म्हणजे एका बाजूला पाव इंच. कंपनीगणिक थोडा फरक असतो, पण प्रमाण हेच राहतं. यावरून निर्णयाचा एक चांगला आधार मिळतो. खांद्यापेक्षा छाती एका साइजने मोठी असेल तर छातीप्रमाणे घ्यावा, कारण पाव इंच खांदा उतरला तरी पॅडमुळे तो खपून जातो. दोन साइजचा फरक असेल तर एका बाजूला अर्धा इंच उतरतो आणि तो खपत नाही. खांदा लटकलेला दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मोठ्या साइजचा मुंढा खोल असतो. खोल मुंढ्याच्या ब्लेझरमध्ये हात वर केला की अख्खा ब्लेझर बाहीबरोबर वर उचलला जातो. वरच्या कप्प्यातली फाइल काढताना भाचीला हेच होत होतं, आणि तिला वाटत होतं की छाती घट्ट आहे म्हणून होतंय. मुंढा जितका काखेजवळ तितका हात मोकळा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण अंगावर घालून पाहिलं की लगेच कळतं.

ब्लेझरच्या खांद्याला हाडाच्या टोकापुढे पाव इंच असायला हरकत नाही, पॅडला तेवढी जागा लागते. ३४चा खांदा साडेचौदा होता, म्हणजे तिला नेमका. ३६चा १५ आणि ३८चा साडेपंधरा. खांदा बरोबर आहे का हे आरशात पाहण्यापेक्षा भिंतीजवळ बाजूने उभं राहून हळूच टेकून पाहावं. आधी दंड टेकला तर खांदा ठीक. आधी पॅडची कड टेकली आणि आत दबली तर खांदा मोठा आहे. दुसरी खूण बाहीवर दिसते. खांद्याच्या शिवणीखाली बाहीला खळगा पडत असेल तर खांदा रुंद आहे. बाहीच्या माथ्यापासून मानेकडे आडव्या ताणरेषा जात असतील तर अरुंद.

"खांदा कमी करून मिळेल ना?" असं भाचीने विचारलं. मिळतो, पण ते काम लोकांना वाटतं तेवढं लहान नाही. त्यासाठी अस्तर उघडावं लागतं, बाही काढावी लागते, पॅड काढावा लागतो, मुंढ्याच्या वरच्या भागातून कापड छाटून खाली मध्यावर शून्यावर आणावं लागतं आणि मग बाही पुन्हा चढवावी लागते. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा मोठा असतो, तो जास्तीचा भाग चुण्या न दिसू देता दाबून बसवणं हेच कोट शिवणाऱ्याचं खरं कसब आहे. सलवार-कुर्ते आणि ब्लाउज उत्तम शिवणाऱ्या कारागिरालाही हे जमेलच असं नाही, कारण तो हात वेगळा लागतो. एका बाजूला अर्ध्या इंचापेक्षा जास्त खांदा आत घेतला तर मुंढ्याचा आकारच बिघडतो. ३८च्या ब्लेझरला नेमका तेवढाच हवा होता, अगदी मर्यादेवर. आणि तो करूनही पाठीचा झोळ आणि समोरचा ताण राहिलाच असता. म्हणून तो परत पाठवला.

३६चा मागवून पाहिला. पाठ बरीच सुधारली. खांदा पाव इंच जास्त, तो सोडून देण्यासारखा. पण पुढचा भाग साडेवीस आणि तिची छाती पुढून २१. बटण लागत होतं ते पाठीतलं कापड ओढून. इथे बटणाच्या गोष्टीकडे वळायला हवं, कारण बटण लागतं आणि बटण बरोबर जागी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बायकांच्या ब्लेझरला उजवी बाजू डावीवर येते. काज उजवीकडे, बटण डावीकडे. दोन बटणांच्या ब्लेझरमध्ये वरचं बटण कंबरेच्या सगळ्यात बारीक जागेवर किंवा तिच्या अर्धा-पाऊण इंच वर यायला हवं. लॅपलची घडी या बटणाच्या अर्धा इंच वर संपते. सगळा ब्लेझर या एका बटणावर तोललेला असतो. खालचं बटण सहसा लावत नाहीत, बसताना तर दोन्ही उघडायची असतात. दोन बटणांत साधारण ४ इंचांचं अंतर असतं आणि खालचं बटण बहुधा खिशाच्या रेषेत येतं. तीन बटणांचा ब्लेझर भरलेल्या छातीला मी कधीच सुचवत नाही. त्याचं वरचं बटण थेट छातीच्या उतारावर येतं, तिथे कापड सपाट बसूच शकत नाही आणि लॅपल तोंड उघडल्यासारखी बाहेर फुगते. एक बटण किंवा दोन, आणि लॅपलची घडी छातीच्या खाली संपणारी, हे उत्तम.

३६चं बटण भाचीला कंबरेवर आलं नाही. पाऊण इंच वर, फासळ्यांवर आलं. का? छातीवरून जाणाऱ्या कापडाला नुसती रुंदी नाही, लांबीही जास्त लागते. मानेजवळच्या खांद्याच्या शिवणीपासून छातीच्या उंच भागावरून कंबरेपर्यंत टेप नेली तर तिचं माप १८ आलं. ब्लेझरमध्ये ते सव्वासतरा होतं. कमी पडलेलं पाऊण इंच कुठून तरी निघणार, ते खालून निघालं. पुढची बाजू वर उचलली गेली, बटण वर सरकलं, आणि वर सरकलेल्या जागी शरीर कंबरेपेक्षा रुंद असल्यामुळे बटण आणखी घट्ट झालं. बाजूने पाहिलं तर ब्लेझरची खालची कड पाठीपेक्षा पुढे वर होती आणि समोरच्या दोन कडा खाली एकमेकींपासून फाकत होत्या. ही फाकलेली कड दिसली की दुकानदार हमखास "बटण जरा सरकवून देतो" म्हणतो. सरकवून ती कड जुळत नाही, कारण उणीव रुंदीत नसते, लांबीत असते.

ताणाच्या रेषा वाचायला शिकणं फार उपयोगी पडतं. बटणापासून चारी दिशांना फुलीसारख्या रेषा जात असतील तर बटणाच्या जागी घेर कमी आहे. छातीच्या उंच भागापासून काखेकडे आडव्या रेषा जात असतील तर पुढची रुंदी कमी आहे. लॅपल अंगापासून सुटून कमानीसारखी उभी राहत असेल तर छातीवर रुंदी आणि लांबी दोन्ही कमी आहेत. भाचीला दुसरं आणि तिसरं होतं, पहिलं थोडंसं.

बटण सरकवण्याचा उपाय निरुपयोगी मात्र नाही, त्याची मर्यादा कळायला हवी. काज एकदा पाडलं की हलत नाही, आणि बटण फक्त आडवं हलू शकतं. डावीकडचं बटण कडेकडे अर्धा इंच सरकवलं तर घेरात अर्धा इंच मिळतो. पण दोन्ही बाजू जिथे एकावर एक येतात ती जागा मध्यरेषेपुढे जेमतेम बटणाच्या रुंदीएवढीच ठेवलेली असते. ब्लेझरचं पुढचं बटण साधारण २० मिलिमीटरचं असतं. अर्धा इंच सरकवल्यावर ते जवळजवळ कडेवर येतं, लॅपलची टोकं एका पातळीत राहिली तरी मध्यापासून एक जवळ आणि एक लांब दिसतं, आणि आतला शर्ट डोकावू लागतो. पाव इंच, फार तर तीन दोरे, एवढंच मी सरकवते. त्यापुढे नाही.

मग कापड सोडता येईल का? अस्तराची खालची शिवण थोडी उसवून आत पाहिलं. रेडीमेडमध्ये बाजूच्या शिवणीला सहसा पाऊण इंचाहून कमीच माया सोडलेली असते, याला तर अर्धा इंचही नव्हती. पाठीच्या मधल्या शिवणीत बऱ्यापैकी होती, पण तिथलं कापड सोडून पाठ रुंद होणार, जिथे आधीच जास्त आहे. पुढे प्रिन्सेस कट होता, त्याच्या शिवणीत माया पाव इंच. शिवाय समोरच्या तुकड्याला आतून फ्युजिंग चिकटवलेलं असतं, आणि टेरी-व्हिस्कोजच्या काळ्या कापडावर जुन्या शिवणीच्या जागी इस्त्रीची चकाकी राहते. एक साइज आत घेणं सोपं आहे, अर्धी साइज बाहेर सोडणंही अवघड. याच कारणाने मोठ्या छातीला छोटा ब्लेझर घेऊन "सोडून घेऊ" हा हिशोब जवळपास कधीच जमत नाही.

उलट बाबतीत तो छान जमतो. पोहणाऱ्या किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचे खांदे अनेकदा रुंद आणि छाती त्या मानाने लहान असते. त्यांनी डोळे मिटून खांद्याप्रमाणे घ्यावा आणि प्रिन्सेस कटमधून व बाजूने आत घ्यावा. एकूण दोन-अडीच इंचांपर्यंत खिसे न हलता काम होतं. त्यांना बटणाचाही त्रास नसतो, फक्त आत घेताना दोन्ही बाजूंनी सारखं घेतलं की झालं.

भाचीचा ब्लेझर शेवटी शिवूनच घ्यायचा ठरला. साताऱ्यात पुरुषांचे सूट शिवणारे एक वयस्कर मास्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नेहमीच्या सवयीने छाती ३७ मोजली आणि वहीत लिहू लागले. मी म्हटलं, "मास्टर, छातीवरून कटिंग काढू नका. वरची छाती ३२ धरा आणि ३४चा सांगाडा काढा. पुढे मग वाढवू." त्यांनी टेप पुन्हा लावून पाहिली, वरची छाती, पुढची, मागची. मग म्हणाले, "ताई, म्हणजे पाठ ३४ची आणि पोट-छाती ३८ची." तेच.

३४च्या कटिंगमध्ये गळा, खांदा, मुंढा, पाठ तिला जशीच्या तशी बसत होती. तयार छाती ३७ येत होती, पुढे साडेएकोणीस आणि मागे साडेसतरा. हवी होती ४०. तीन इंच फक्त पुढे घालायचे, म्हणजे उजव्या आणि डाव्या पुढच्या भागात दीड-दीड. हे बाजूच्या शिवणीवर नुसतं रुंद करून घालत नाहीत. तसं केलं तर मुंढाही मोठा होतो आणि कापड काखेत गोळा होतं. प्रिन्सेस कटचा बाजूचा तुकडा कागदावर काढून, छातीच्या उंच बिंदूपासून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत चिरायचा, पण मुंढ्याच्या कडेला कागद किंचित जोडलेला ठेवायचा. मग छातीच्या जागी दीड इंच उघडायचा. मुंढ्याची लांबी तशीच राहते आणि छाती वाढते. उघडताना तो तुकडा लांबीतही वाढतो, म्हणून मधल्या तुकड्याला, ज्यावर काज-बटण येतं, छातीखाली आडवं कापून तेवढंच लांब करायचं. इथे ते १ इंच भरलं. ३४च्या कटिंगमध्ये मानेपासून कंबर १७ होती, ती १८ झाली. भाचीचं नेमकं माप. रेडीमेडमध्ये बटण ज्यामुळे वर चढत होतं ती उणीव अशी भरली.

दोन गोष्टी इथे हमखास राहून जातात. एक म्हणजे उघडलेला दीड इंच कंबरेपर्यंत खाली उतरतो. भाचीची कंबर ३० आहे, तिला तिथे जास्तीचं काही नको. छातीखाली प्रिन्सेसच्या शिवणीतून ते परत आत घ्यावं लागतं, नाहीतर ब्लेझर डब्यासारखा सरळ दिसतो. दुसरी म्हणजे उंच बिंदूची जागा. मानेजवळच्या खांद्यापासून तो बिंदू तिला साडेदहा इंचांवर होता, नेहमीच्या कटिंगमध्ये पावणेदहावर. शिवणीचा फुगवटा जुन्या जागी ठेवला असता तर छातीच्या वर रिकामी पिशवी आणि खाली ताण राहिला असता. मास्टरांनी खडूने पाऊण इंच खाली नवी खूण केली.

मास्टरांना मी आणखी एक विनंती केली, आणि शिवून घेणाऱ्या प्रत्येकीने ती करावी. पहिल्या ट्रायलला काज पाडलेलं नको, खिसा कापलेला नको आणि बाही कच्च्या टाक्याने जोडलेली हवी. बरेच शिंपी वेळ वाचवायला सगळं पुरं करूनच ट्रायलला बोलावतात. मग ट्रायलचा अर्थच उरत नाही. काज हे या कपड्यातलं असं छिद्र आहे जे परत बुजवता येत नाही.

ट्रायलला भाची कोर्टात घालते ते बूट आणि पांढरा शर्ट घालून आली. समोरच्या दोन्ही मध्यरेषा एकावर एक आणून कंबरेवर एकच टाचणी लावली. कंबर कुठे हे विचारायचं नाही. तिला बाजूला वाकायला सांगितलं, जिथे घडी पडली तिथे खडू. टाचणी त्याच्या अर्धा इंच वर. मग ती सरळ उभी राहिल्यावर तीन गोष्टी पाहिल्या. टाचणीभोवती फुली नाही. सपाट तळहात आत सहज जातो, मूठ गेली तर जरा सैल म्हणायचं. आणि लॅपल छातीवर टेकून खाली जाते. लॅपल डाव्या बाजूला किंचित सुटत होती, कारण बहुतेक बायकांसारखी तिचीही एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी आहे. मास्टरांनी लॅपलच्या घडीच्या आत एक अरुंद पट्टी पाव इंच ओढून टाचली आणि ती बसली. हा कोटवाल्यांचा जुना उपाय, ब्लाउजवाल्यांकडे तो नसतो. मग त्यांनी टाचणीच्या जागी काजाची खूण केली, तिच्या ४ इंच खाली दुसरी, आणि खिशाची रेघ त्या दुसऱ्या खुणेशी जुळवून आखली.

बाही सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला तर बाही दोनदा करावी लागते. बाहीचं टोक कुठे येतं हे बाही एकटी ठरवत नाही. पाठीच्या मध्यापासून खांद्याची अर्धी रुंदी आणि तिच्यात बाहीची लांबी मिळून ते ठरतं. तो परत पाठवलेला ३८चा ब्लेझर पाहा. अर्धा खांदा पावणेआठ, बाही साडेतेवीस, बेरीज सव्वाएकतीस. भाचीचा अर्धा खांदा ७, आणि खांद्याच्या टोकापासून कोपरावरून मनगटापर्यंत साडेबावीस. बेरीज साडेएकोणतीस. बाही पावणेदोन इंच लांब वाटत होती, आणि कोणीही तेवढी खालून कापली असती. पण खांदा अर्धा इंच आत घेतला असता तर बाही आपोआप अर्धा इंच वर गेली असती. आधी पावणेदोन इंच कापून मग खांदा घेतला असता तर ती अर्धा इंच आखूड पडली असती, आणि कापलेली बाही वाढवायला खालच्या दुमडीत जेवढं कापड उरतं तेवढंच हातात असतं. पॅडचंही असंच. जाड पॅड घातला की बाही वर ओढली जाते, पॅड काढला की खाली येते. म्हणून आधी खांदा आणि पॅड पक्के, मग बाही.

लांबी मोजताना हात सरळ लोंबता ठेवून मोजला तर बाही आखूड होते. कोपर थोडा वाकवून, खांद्याच्या टोकापासून कोपराच्या हाडावरून करंगळीकडच्या मनगटाच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं. बाहीने तो उंचवटा झाकावा आणि तिथेच थांबावं. आत कफचा शर्ट असेल तर त्याची पाव ते अर्धा इंच पांढरी कड बाहेर दिसावी. भाचीला ती हवीच होती. हात टेबलावर ठेवल्यावर बाही इंचभर वर जाते, ते चालतं. उभ्याने नेमकी आणि बसून वीतभर वर गेलेली दिसली तर बाही नाही, मुंढा चुकलाय. आपल्याकडे आणखी एक पाहावं लागतं, मनगटावर काय असतं ते. भाची डाव्या हाताला मोठं घड्याळ बांधते. बाहीची मोहरी साडेनऊ इंचांची ठेवली होती, ती घड्याळावर अडकून बाही अर्धा इंच वर राहत होती. दोन्ही मोहऱ्या १० केल्या. ज्या रोज बांगड्या घालतात त्यांनी ट्रायलला त्या काढून ठेवू नयेत.

बाहीच्या बटणांबद्दल एक सूचना रेडीमेड घेणाऱ्यांसाठी. बाहीला साधारण १५ मिलिमीटरची तीन किंवा चार बटणं असतात आणि सगळ्यात खालचं बटण कडेपासून दीड इंचावर असतं. बहुतेक ब्लेझरवर ती नुसती लावलेली असतात, काज पाडलेलं नसतं. अशी बाही खालून इंच-सव्वा इंच आखूड करता येते, बटणं काढून त्याच अंतराने वर लावली की झालं. पण काजं खरी कापलेली असतील तर खालून अर्ध्या इंचावर कापलं की पहिलं बटण कडेला चिकटल्यासारखं दिसतं. मग बाही वरून, मुंढ्यातून आखूड करावी लागते, म्हणजे पुन्हा तेच खांद्यासारखं अवघड काम. विकत घेण्याआधी बाहीचं एक बटण उघडतं का ते पाहावं. उघडत असेल आणि बाही लांब असेल तर तो ब्लेझर तिथेच ठेवावा.

दुसऱ्या ट्रायलला भाचीने बटण लावलं, मग दुकानातल्या वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला हात वर केला. बाही गेली, ब्लेझर जागेवर राहिला. मास्टरांनी काजाच्या खुणेवर खडूची रेघ एकदा गडद केली आणि कात्री उचलली.